गोल्डचं सिल्व्हर झालं आणि पॉइंट्सही गेले: दिवाळीच्या तोंडावर दर काही वर्षांनी येणारी तक्रार

पुण्यातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मी सात वर्षं कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर होतो. रिटर्न, अल्टरेशन आणि मेंबरशिप कार्ड अशी तिन्ही कामं माझ्याकडे असायची. पहिल्या दोन कामांत भांडणं कमी व्हायची, तिसऱ्यात जास्त. त्यातही एक भांडण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास यायचं: "माझं गोल्ड कार्ड होतं, सिल्व्हर दाखवतंय. आणि पॉइंट्सही खाल्लेत तुम्ही."

गंमत अशी की काही वर्षी ही तक्रार तुरळक असायची आणि काही वर्षी रांग लागायची. त्यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. ते पुढे येईलच. आधी एका काकूंचं प्रकरण सविस्तर सांगतो, कारण या तक्रारीत होणारे सगळे गोंधळ त्या एकाच प्रकरणात आहेत. रक्कम आणि दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी गोल करून घेतले आहेत.

काकूंचा हिशेब आणि सिस्टिमचा हिशेब

नियम असे होते. बारा महिन्यांत 50,000 रुपयांची खरेदी झाली की गोल्ड. सिल्व्हरला शंभर रुपयांमागे एक पॉइंट, गोल्डला दोन. एक पॉइंट म्हणजे एक रुपया. पॉइंट मिळाल्यापासून बारा महिन्यांनी, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतो. कार्डाची मुदतही अपग्रेडपासून बारा महिने, तीही महिनाअखेरीपर्यंत.

काकूंनी 15 ऑक्टोबर 2022 ला, शनिवारी, घरातल्या सगळ्यांची दिवाळीची खरेदी एकदम केली. बिल 61,000. दोन दिवसांनी मेसेज आला, तुम्ही आता गोल्ड मेंबर. मग मार्चमध्ये पाडव्याच्या आधीच्या रविवारी 14,000 ची खरेदी. त्यानंतर सात महिने काही नाही. थेट 5 नोव्हेंबर 2023 ला पुन्हा दिवाळीची खरेदी, 38,000. बिलाच्या वेळी कॅशियर म्हणाला, "मॅडम, सिल्व्हर आहे, 280 पॉइंट्स आहेत." काकू तडक माझ्या काउंटरवर.

त्यांचं म्हणणं तीन भागांत होतं. एक, 61 आणि 14 मिळून 75 हजार झाले, मग कार्ड खाली कसं आलं? दोन, 61,000 वर दोन टक्क्यांनी 1,220 आणि पाडव्याचे 280, म्हणजे 1,500 पॉइंट्स हवेत, बाकीचे कुठे गेले? तीन, आत्ताची 38 हजारांची खरेदी धरली तर मी आजही गोल्डच आहे. तिन्ही मुद्दे एकदम मांडले की समोरच्यालाही वाटतं, कुठेतरी मोठी चूक झालेली दिसते. म्हणून ते वेगळे काढून बघायचे.

पहिला मुद्दा. अपग्रेड झाल्यावर आमच्याकडे मीटर शून्यावर यायचं. ज्या 61,000 मुळे गोल्ड मिळालं ते त्या कामासाठी खर्ची पडले, गोल्ड *टिकवण्यासाठी* ते पुन्हा मोजले जात नाहीत. अपग्रेडनंतर 31 ऑक्टोबर 2023 पर्यंत काकूंची खरेदी फक्त 14,000. कमी पडले 36,000. हा एकच नियम मेंबर लोकांना समजला तर माझं निम्मं काम कमी झालं असतं, असं मला नेहमी वाटायचं. पण तो माहितीपत्रकात एका ओळीत असतो आणि ती ओळ कुणी वाचत नाही. मीही नोकरीला लागेपर्यंत वाचली नव्हती.

दुसरा मुद्दा. ज्या बिलाने तुम्ही उंबरठा ओलांडता, त्या बिलावर पॉइंट्स जुन्या दरानेच मिळतात, कारण बिल फाडताना कार्ड सिल्व्हरच असतं. म्हणून 1,220 नाही, 610. पाडव्याच्या बिलाला मात्र गोल्डचा दर लागला, 280. एकूण 890. यातल्या 610 ची मुदत 31 ऑक्टोबर 2023 ला संपली. उरले 280, त्यांची मुदत 31 मार्च 2024 पर्यंत. म्हणजे कार्ड खाली आल्यामुळे एकही पॉइंट गेला नव्हता. पॉइंट्स स्वतःच्या वयाने गेले. पण दोन्ही मुदती एकाच खरेदीपासून सुरू झाल्या होत्या, म्हणून दोन्ही एकाच रात्री संपल्या. सकाळी ॲप उघडणाऱ्याला गोल्डही गेलेलं दिसतं आणि शिल्लकही घटलेली. एकामुळे दुसरं झालं, असं वाटणं अगदी साहजिक आहे.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर स्कीम खरेदी कोणत्या काळातली मोजते यावर ठरतं. इथे थोडं थांबायला हवं.

खिडकी कोणती?

पात्रतेच्या काळाला आम्ही काउंटरवर 'खिडकी' म्हणायचो. ती साधारण तीन प्रकारची असते.

काही ठिकाणी ती जानेवारी ते डिसेंबर असते. अमेरिकेतल्या सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांच्या स्कीममध्ये एका कॅलेंडर वर्षात 350 डॉलरला व्हीआयबी आणि 1,000 डॉलरला रूज ही पायरी मिळते आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या शेवटापर्यंत टिकते. तिकडे राहणाऱ्या कुणाला विचारलंत तर कळेल, की अशा पद्धतीत जानेवारीत पायरी गाठणाऱ्याला जवळपास दोन वर्षं मिळतात, डिसेंबरच्या शेवटी गाठणाऱ्याला एक वर्ष आणि वर काही दिवस. खर्च तोच.

दुसरी पद्धत म्हणजे तुमचं स्वतःचं मेंबरशिप वर्ष. अपग्रेडच्या तारखेपासून बारा महिने, मग तपासणी, मग मीटर शून्य. काकूंचं कार्ड याच पद्धतीचं. 1 नोव्हेंबर 2023 पासून त्यांची नवी खिडकी उघडली, तिच्यात 38,000 जमा झाले, गोल्डला अजून 12,000 हवेत.

तिसरी फिरती खिडकी. आजपासून मागे बारा महिने, रोज नव्याने मोजायचे. ही पद्धत असती तर पाडव्याचे 14,000 आणि आत्ताचे 38,000 मिळून 52,000 झाले असते आणि काकू त्याच आठवड्यात पुन्हा गोल्ड झाल्या असत्या. म्हणजे त्यांचा तिसरा मुद्दा चूक नव्हता. दुसऱ्या एखाद्या दुकानात तो बरोबर ठरला असता. लोकांच्या खिशात चार दुकानांची चार कार्डं असतात आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो.

तुमच्या कार्डाची खिडकी ओळखायची सोपी खूण अशी: ॲपमध्ये `Tier valid till` किंवा तत्सम ओळीपुढे 31 डिसेंबर किंवा 31 मार्च असेल आणि घरातल्या दुसऱ्या मेंबरलाही तीच तारीख दिसत असेल, तर खिडकी सगळ्यांची एक आहे. दोघांच्या तारखा वेगळ्या असतील तर मेंबरशिप वर्ष किंवा फिरती. या दोघींतला फरक कळण्यासाठी 'अजून इतकी खरेदी करा' हा आकडा बघा. काहीही खरेदी न करता तो आकडा काही आठवड्यांनी आपोआप वाढला, तर खिडकी फिरती आहे, कारण जुनं बिल मागून गळून पडलं. आकडा आहे तिथेच राहिला आणि एका ठराविक तारखेला एकदम पूर्ण 50,000 वर गेला, तर मेंबरशिप वर्ष.

रांग काही वर्षीच का लागते

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. 2023 ला आमच्याकडे रांग लागली होती, 2024 ला जवळजवळ कुणी आलं नाही. आमच्या मॅनेजरांना वाटलं, आम्ही पाठवलेल्या मेसेजचा परिणाम. मी मात्र कॅलेंडर घेऊन बसलो.

लक्ष्मीपूजन 2022 ला 24 ऑक्टोबरला होतं. 2023 ला 12 नोव्हेंबरला. मध्ये 384 दिवस, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला. आपली खरेदी तिथीने चालते, कार्ड तारखेने. दोन दिवाळ्यांमधलं अंतर बारा महिन्यांपेक्षा अठरा-एकोणीस दिवसांनी वाढलं की या दिवाळीची खरेदी खिडकी बंद झाल्यावर होते. ज्यांची वर्षातली मोठी खरेदी फक्त दिवाळीलाच असते, ते सगळे एकदम खाली येतात. नंतरच्या दोन वर्षांत उलट झालं. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, 2025 ला 21 ऑक्टोबरला, म्हणजे प्रत्येक वेळी अंतर 355 दिवसांच्या आत, आणि नवी दिवाळी जुन्या खिडकीत आरामात बसली.

2026 ला पुन्हा अधिक महिना आहे, या वेळी ज्येष्ठ. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. मागच्या दिवाळीपासून 383 दिवस. त्यामुळे ज्यांचं कार्ड 2025 च्या दिवाळीच्या खरेदीने वर गेलं, त्यांनी आत्ताच तारीख बघून ठेवावी.

समजा तुम्ही 11 ऑक्टोबर 2025 च्या शनिवारी मोठी खरेदी केलीत. स्कीम महिनाअखेर धरणारी असेल तर तुमच्याकडे 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत वेळ आहे आणि 20 ऑक्टोबरचा दसरा त्यात बसतो. दिवाळीचे कपडे दसऱ्यालाच घेतले की प्रश्न मिटला. पण स्कीम तारखेला तारीख धरणारी असेल, तर मुदत 10 ऑक्टोबर 2026 ला संपते, आणि त्या दिवशी आहे सर्वपित्री अमावस्या. त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा, त्यात नवे कपडे घेणारी घरं कमीच. म्हणजे खरी शेवटची संधी गणपतीच्या आसपास, सप्टेंबरच्या मध्यात. कार्डाची सिस्टिम लिहिणाऱ्या कुणी हा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

अर्थात कार्ड टिकवण्यासाठी नको असलेली खरेदी करण्यात शहाणपण नाही. काकूंच्या 38,000 वर गोल्ड आणि सिल्व्हरमधला फरक 380 पॉइंट्सचा होता, म्हणजे 380 रुपये. खरेदी करायचीच आहे आणि फक्त दोन आठवडे अलीकडे ओढायची आहे, तेव्हाच हा उपाय.

स्वतः तपासायचं कसं

काउंटरवर जाण्याआधी ॲपमधून किंवा मेलवर वर्षभराचं पॉइंट्सचं स्टेटमेंट काढा. नुसती शिल्लक उपयोगाची नाही, प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम आणि पॉइंट्स हवेत. ते एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये उतरवा, तारीख पहिल्या रकान्यात, रक्कम दुसऱ्या. महिनाअखेर धरणाऱ्या स्कीममध्ये त्या बिलाचे पॉइंट्स कधी संपतात ते असं निघतं:

```
=EOMONTH(A2,12)
```

आणि फिरत्या खिडकीत आज तुमची मोजली जाणारी खरेदी किती, ते असं:

```
=SUMIFS(B:B,A:A,">"&EDATE(TODAY(),-12))
```

पहिल्या सूत्रात तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, त्या खणाचा फॉर्मॅट तारखेचा करा.

तुमची बेरीज आणि ॲपचा आकडा जुळला नाही तर बहुतेक वेळा कारण यातलं एखादं असतं. बरीच दुकानं जीएसटी वगळून रक्कम मोजतात. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांवरच्या कपड्याला 18 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे असे कपडे 59,000 चे घेतले तर मोजले जातात 50,000. अगदी 50,000 वर बिल थांबवणाऱ्याला म्हणूनच 'अजून सात-आठ हजार बाकी' असं दिसतं. पॉइंट्स वापरून भरलेली रक्कम आणि गिफ्ट व्हाउचरची खरेदी सहसा धरत नाहीत. परत केलेली वस्तू वजा होते, आणि कधीकधी तीच कार्ड खाली आणते. आमच्याकडे एका गृहस्थांनी 51,000 वर गोल्ड मिळवलं आणि पुढच्याच आठवड्यात पाच हजारांचा ब्लेझर परत केला. गोल्ड गेलं, आणि त्यांना वाटलं रिटर्न केल्याची शिक्षा झाली.

पण माझ्या पाहण्यातलं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण याहून साधं आहे: मोबाइल नंबर. नवऱ्याने बिल करताना स्वतःचा नंबर सांगितला, आणि कॅशियरने विचारलं "आधी कार्ड आहे का?" तर म्हणाला, "नाही, नवीन काढा." झालं, घरात दोन कार्डं, दोन्हींवर तीस-तीस हजार, दोन्ही सिल्व्हर. घरातल्या सगळ्यांनी आपापले नंबर दुकानाच्या ॲपमध्ये टाकून बघा. दोन खाती एक करून देण्याची सोय काही स्कीममध्ये असते, पण ती मुदत संपायच्या आत मागावी लागते. खातं एक झाल्यावरही गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत.

आणि एक, खिडकीच्या शेवटच्या दिवशी केलेलं बिल. बिल आज फाटलं तरी खात्यावर एक-दोन दिवसांनी चढतं, आणि जिथे परतीची मुदत संपल्यावरच खरेदी पक्की धरतात तिथे आणखी उशिरा. नियम बिलाच्या तारखेचा असेल तर तुम्ही सुरक्षित आहात, पण तपासणी त्या रात्रीच झाली तर कार्ड आधी खाली येतं आणि तक्रार केल्यावर वर जातं. बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात फिकी पडू शकते.

कार्ड खाली आल्यावर काय राहतं

जमलेले पॉइंट्स सहसा राहतात, आपापल्या मुदतीपर्यंत. बदलतो तो पुढच्या बिलाचा दर. फुकट पार्किंग, मोफत अल्टरेशन, सेलच्या आदल्या दिवशीचा प्रवेश हे त्याच दिवशी बंद होतं. वाढदिवसाचं व्हाउचर आधीच आलेलं असेल तर ते चालायला हवं, पण काही ठिकाणी बिल करताना सिस्टिम त्या क्षणीची पायरी बघते आणि व्हाउचर नाकारते. व्हाउचरवर 'फक्त गोल्ड मेंबरसाठी' असं छापलं असेल तर ते मुदतीआधी वापरून टाका.

दोन गोष्टी मात्र माहितीपत्रकात शोधाच. पहिली, घसरण एक पायरीची की थेट तळाची. वर्षात वीस हजारांचीच खरेदी झालेला प्लॅटिनम मेंबर काही स्कीममध्ये गोल्डवर थांबतो आणि त्याला आणखी एक वर्ष मिळतं, काहींमध्ये तो सरळ सिल्व्हर होतो. दुसरी, पॉइंट्सची मुदत पायरीला बांधलेली आहे का. गोल्डचे पॉइंट्स चोवीस महिने आणि सिल्व्हरचे बारा, अशी रचना असेल, तर कार्ड खाली आल्यावर जुन्या पॉइंट्सवर जुनीच मुदत राहते की नवी लागते? नवी लागत असेल तर वर्षाहून जुने पॉइंट्स त्याच रात्री जातात. काकूंच्या मनातली शंका फक्त अशाच स्कीममध्ये खरी ठरते. तिथे उपाय एकच: तपासणीच्या आधी पॉइंट्स वापरून मोकळं व्हायचं.

काउंटरवर काय बोलायचं

"माझे पॉइंट्स परत द्या" याला काउंटरवरचा मुलगा काहीच करू शकत नाही, त्याच्या स्क्रीनवर तसं बटणच नसतं. त्याऐवजी तारखेने विचारा. "माझी पायरीची तपासणी कोणत्या तारखेला झाली, त्या काळात माझी पात्र खरेदी किती धरली, आणि अमुक तारखेचं अमुक नंबरचं बिल त्यात आहे का?" या तीन प्रश्नांची उत्तरं त्याला स्क्रीनवर मिळतात, आणि चूक असेल तर ती तिथेच दिसते.

चूक नसेल पण तुम्ही थोडक्यात हुकला असाल, तर सवलत मागा. तीही काउंटरवर नाही, स्टोअर मॅनेजरकडे किंवा कस्टमर केअरच्या मेलवर. मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतलं मोठं बिल सोबत जोडा. काकूंसाठी मीच मेल लिहिला होता: मुदत 31 ऑक्टोबरला संपली, 5 नोव्हेंबरला 38,000 ची खरेदी झाली, ही खरेदी मागच्या वर्षात धरली तर एकूण 52,000 होते. आठ दिवसांनी गोल्ड परत मिळालं. 610 पॉइंट्स नाही मिळाले. पायरी परत देणं दुकानाला स्वस्त पडतं, गेलेले पॉइंट्स जिवंत करणं म्हणजे हिशेबात पैसे पुन्हा आणणं, म्हणून त्याला नकारच येतो.

कॅनडातल्या ओंटारियोमध्ये केवळ वेळ गेल्यामुळे पॉइंट्स बाद करण्यावर 2016 मध्ये कायद्याने बंदी आली. तिथल्या एअर माइल्स या मोठ्या स्कीमने पाच वर्षांची मुदत लावायची ठरवल्यावर लोक इतके भडकले की कंपनीने त्या डिसेंबरमध्ये निर्णयच मागे घेतला. आपल्याकडे खास पॉइंट्ससाठी असा कायदा नाही, जे चालतं ते स्कीमच्या अटींवर आणि ग्राहक संरक्षण कायद्यावर. त्यामुळे मुदत छापलेली असेल आणि ती पाळली असेल तर भांडण पुढे जात नाही. पण छापलेल्या मुदतीआधी पॉइंट्स गेले असतील, किंवा मधेच नियम बदलून जुन्या पॉइंट्सची मुदत कमी केली असेल, तर स्टेटमेंट, अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि मेलचं उत्तर घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. अटींचं पान दुकान केव्हाही बदलू शकतं, म्हणून स्क्रीनशॉट अपग्रेड झाल्या दिवशीच काढून ठेवायचा. काकू आता तसंच करतात, आणि तो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी ती नोकरी केव्हाच सोडली, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.